एक बाथ म्हणजे किती रुपये?

आमच्या घरातला पहिला परदेश प्रवास ठरला तो २०२४ च्या दिवाळीत, फराळाच्या ताटावर. इंदूरहून माझा आतेभाऊ, म्हणजे आमचा दादा, वहिनी आणि त्यांची चौदा वर्षांची मुलगी कोलार रोडला आमच्याकडे आले होते. चकल्या संपत आल्या तेव्हा दादा म्हणाला, "दर वर्षी पचमढी नाहीतर गोवा. एकदा सगळे मिळून थायलंडला जाऊ या." भारतीयांना तिथे पर्यटनासाठी व्हिसा लागत नव्हता आणि जानेवारीतली तिकिटं परवडत होती. आई आधी "आमचं काय काम" म्हणाली आणि दोन मिनिटांनी "तिकडे चहा मिळतो का रे?" असं विचारती झाली. म्हणजे तिचंही ठरलं.

बाबांनी मात्र एक अट घातली. ते भेलमधून निवृत्त झालेत आणि आमच्या भागातल्या गणेशोत्सवाचा जमाखर्च त्यांनी कित्येक वर्षं सांभाळला आहे. ते म्हणाले, "येतो, पण आमच्या दोघांचा वाटा आम्ही देणार. कुणी आमच्यावर खर्च करायचा नाही आणि आम्हीही कुणावर चढवणार नाही." दादा "मामा, असं काय बोलता" म्हणत राहिला, पण बाबा ऐकणारे नव्हेत.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. अशा घरात यादी, चलन आणि हिशोब ही तिन्ही कामं कुणाकडे येणार हे सांगायला नको. मीही हौसेने घेतली. त्यातलं काय जमलं आणि कुठे मी माझ्या वडिलांनाच सोळाशे रुपयांना बुडवणार होतो, ते इथे लिहितो आहे. आपल्या मंडळातली बरीच तरुण कुटुंबं आता पहिल्यांदा बाहेर निघताहेत, त्यांच्या उपयोगी पडेल.

आधी यादी. गूगल शीटमध्ये मी एक यादी केली आणि सगळ्यांना दिली. पहिल्या आठवड्यात तिच्यात साठ-सत्तर वस्तू जमल्या. पण नीट पाहिलं तर तीन घरांनी मिळून तीन इस्त्र्या लिहिल्या होत्या आणि नेलकटर कुणीच लिहिलं नव्हतं. कारण "काय न्यायचं" हे लिहिलं होतं, "कोण नेणार" हे नव्हतं. मग मी दोन रकाने वाढवले: "कुणाकडे" आणि "कोणत्या बॅगेत". सामायिक वस्तूपुढे एकच नाव लिहायचं, दोन नाही. "आपण सगळे" असं लिहिलं तर ती वस्तू घरीच राहते. इस्त्र्या तीनवरून एकवर आल्या. शेवटी तीही गळली, ते पुढे सांगतो.

"कोणत्या बॅगेत" हा रकाना मी सहज घातला होता, पण खरा उपयोग त्याचाच झाला. पॉवरबँक चेक-इन बॅगेत चालत नाही, ती हातातल्या बॅगेतच लागते. मर्यादा शंभर वॉट-अवरची असते आणि पॉवरबँकेवर आकडा असतो मिलीअँपिअर-अवरचा, म्हणून लोक गोंधळतात. वीस हजारांची असेल तर वीस अँपिअर-अवर गुणिले ३.७ व्होल्ट, म्हणजे ७४ वॉट-अवर. ती चालते. बाबांच्या रक्तदाबाच्या आणि आईच्या थायरॉइडच्या गोळ्याही हातातल्या बॅगेत ठेवल्या. त्या डबीत न भरता मूळ पट्टीतच ठेवल्या आणि सोबत डॉक्टरांची चिठ्ठी घेतली. चेक-इन बॅग एक दिवस उशिरा पोहोचली तरी गोळी चुकू नये, एवढाच हेतू.

या रकान्यामुळे आणखी एक चूक वेळेत सापडली. दादा इंदूरहून थेट मुंबईला येणार होता. आम्ही पाच जण भोपाळहून मुंबईला आणि तिथून पुढे बँकॉकला. ही दोन्ही तिकिटं मी वेगवेगळी काढली होती, कारण ती स्वस्त पडली. बँकॉकच्या तिकिटावर माणशी २० किलो सामान होतं. मी सगळ्यांना वीसच सांगून ठेवलं होतं. निघायच्या दोन दिवस आधी बॅगनिहाय वजनं लिहायला बसलो आणि भोपाळ-मुंबईचं तिकीट पुन्हा उघडून पाहिलं, तर तिथे माणशी १५ किलो. तिकिटं वेगळी असली की प्रत्येक टप्प्याला त्याचा त्याचा नियम लागतो, म्हणजे सगळ्यात कमी असलेला आकडाच आपला. पाच जणांचे शंभर नव्हे, पंचाहत्तर किलो! आकड्याचा वजनकाटा आणून रात्री अकरापर्यंत बॅगा तोलल्या. तेव्हा इस्त्री गेली. आईची छोटी किटलीही गेली, कारण हॉटेलच्या खोलीत किटली होतीच आणि आपल्या किटलीचा जाड तीन दांड्यांचा प्लग तिथल्या भिंतीत गेलाही नसता. मोबाइल चार्जरचा दोन दांड्यांचा प्लग तिथे बसतो, तीन दांड्यांच्या वस्तूला मात्र अ‍ॅडॉप्टर लागतो. चहा-पावडर आणि चिवडा राहिला.

आता पैशाकडे येतो. मी सगळ्यांच्या मोबाइलवर चलन बदलून दाखवणारं एक अ‍ॅप घालून दिलं. इंटरनेट नसलं तरी ते शेवटचा साठवलेला दर दाखवतं, त्यामुळे बाजारात सोयीचं. तेव्हा ते एका थाई बाथचे साधारण अडीच रुपये दाखवत होतं. मी सगळ्यांना सांगून टाकलं: बाथला दोनाने गुणा आणि त्यात अर्धी भर घाला. शंभर बाथ म्हणजे अडीचशे रुपये. आईला हे इतकं आवडलं की बँकॉकच्या फळवाल्यासमोर ती मोबाइल न काढता हिशोब करत होती.

अंदाजासाठी हे बरोबरच आहे. पण अ‍ॅप जो दर दाखवतं तो बँका आपापसात मोठे व्यवहार करतात त्याच्या मधला दर असतो. खरेदीचा एक भाव, विक्रीचा एक भाव आणि त्यांच्या मधोमध हा. या दराने तुम्हाआम्हाला बाथ कुणीही देत नाही. आपल्या हाती बाथ येतो तो कुठल्या तरी वाटेने, आणि प्रत्येक वाटेचं आपलं एक भाडं असतं.

आमच्या सहलीत तीन वाटा होत्या. पहिली रोख पैशांची. तिथे रस्त्यावरचं खाणं, टुकटुक, छोट्या होड्या रोखीवरच चालतात. दुकानांत क्यूआर कोड लावलेले असतात, पण आमचं यूपीआय त्यांवर चाललं नाही. म्हणून मी बाबांना म्हटलं, "रोख तुमच्याकडे ठेवा, सगळ्यांसाठी." बाबा एम. पी. नगरात जाऊन पासपोर्ट आणि पॅन दाखवून २२ हजार बाथ घेऊन आले. दर पडला २.६५. रकमेच्या एक टक्क्यावर अठरा टक्के असा जीएसटी त्यावर लागला, एकूण १०५ रुपये. पावती त्यांनी डायरीत चिकटवली.

दुसरी वाट दादाच्या क्रेडिट कार्डाची. कार्डाचा स्वतःचा दर चांगला असतो, २.५१ लागला. पण त्यावर परकीय चलनाचं शुल्क साडेतीन टक्के आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी. दोन्ही मिळून ४.१३ टक्के. म्हणजे दादाला बाथ पडला २.६१ ला. हे शुल्क व्यवहाराच्या वेळी दिसत नाही, नंतर विवरणपत्रात वेगळ्या ओळीत येतं.

तिसरी वाट माझी. परदेशी खर्चावर असं शुल्क न लावणारं एक कार्ड मी मुद्दाम घेतलं होतं. त्यावर बाथ २.५१ लाच पडणार होता, म्हणजे सगळा मोठा खर्च त्यावर करायचा, असा बेत. आपल्याकडे २०२० पासून नवं कार्ड परदेशात बंदच असतं, ते आपण बँकेच्या अ‍ॅपमधून चालू करावं लागतं. ते मी केलं होतं. पण त्याच पानावर खाली रोजच्या खर्चाची मर्यादा असते, ती सहा हजार रुपयांवर राहून गेली होती. पहिल्याच संध्याकाळी चाओ फ्राया नदीकाठच्या हॉटेलात आठ जणांचं बिल आलं आणि कार्ड नाकारलं गेलं. मर्यादा वाढवायला ओटीपी हवा आणि माझ्या भारतीय नंबरचं रोमिंग मी चालू केलेलं नव्हतं, तिथलं सिम घेऊन मोकळा झालो होतो. दादा "राहू दे रे" म्हणाला आणि त्याने आपलं कार्ड पुढे केलं. पुढचे सहा दिवस तेच चालू राहिलं. सगळ्यात स्वस्त वाट माझ्या खिशात पडून होती.

एटीएमचं एक सांगायला हवं. तिथलं एटीएम परदेशी कार्डावर दर वेळी २२० बाथ कापून घेत होतं, मग तुम्ही कितीही काढा. बायकोने स्वतःच्या खरेदीसाठी दोन हजार बाथ काढले. खात्यातून गेले २,२२० बाथ. बँकेने आपलं काही लावलं नाही असं धरलं तरी बाथ पडला २.७९ ला. तिने एकदाच दहा हजार काढले असते तर २.५७ च्या आत पडला असता. एटीएमची वाट महाग नसते, एटीएममधून थोडे थोडे काढणं महाग असतं.

आणि एक युक्ती, जी माझ्या भाचीने, दादाच्या मुलीने पकडली. क्राबीला आओ नांगमध्ये जेवणाचं बिल ३,२०० बाथ झालं. दादाने कार्ड लावलं तेव्हा यंत्रावर दोन बटणं आली: ३,२०० बाथ किंवा ८,६४० रुपये. वहिनी म्हणाली, "रुपयांचंच दाबा, निदान किती गेले ते कळेल." भाचीने मोबाइलवर भागाकार केला आणि म्हणाली, "बाबा, हे २.७० लावताहेत!" आपल्याच कार्डावर सगळी शुल्कं धरून ८,३५२ रुपये होत होते. रुपयांचं बटण म्हणजे दर ठरवायचा हक्क त्या यंत्रामागच्या कंपनीला देणं. शिवाय परदेशातल्या दुकानात रुपयांत झालेल्या व्यवहारावरही बऱ्याच बँका वेगळं शुल्क लावतात, म्हणजे दोन्हीकडून मार. नेहमी तिथलं चलन निवडायचं. आपल्याला कळेल असा आकडा जास्त दर घेऊन दाखवला जातो, हे ती पोरगी दोन सेकंदांत शिकली. मी हे तिला शिकवलेलं नव्हतं.

आता वाटणी. स्प्लिटवाइज, ट्रायकाउंट, सेटल अप अशी अ‍ॅप आहेत, तुम्ही बहुधा वापरलीही असतील. कुणी किती दिले आणि कुणासाठी दिले एवढं भरायचं, मग कुणी कुणाला किती द्यायचे ते अ‍ॅप सांगतं. विमान, हॉटेल आणि राजवाड्याची तिकिटं ज्याची त्याने आधीच भारतातून भरली होती, ती बाहेर ठेवली. वाटणीत फक्त तिथलं रोजचं खाणं, टॅक्सी आणि होडी. मोठ्या माणसाचा एक वाटा, भाचीचा एक, माझ्या आठ वर्षांच्या मुलाचा अर्धा. दादाचे तीन, आमचे अडीच, आई-बाबांचे दोन. एकूण साडेसात. हे वाटे निघण्याआधीच कोलार रोडला बसून ठरवले, ते फार बरं झालं. बिल समोर आल्यावर मुलाचा अर्धा की पूर्ण, हा विषय कुणी काढत नाही आणि मनात मात्र ठेवतो.

अ‍ॅपमध्ये तीन चुका झाल्या आणि तिन्ही बाबांच्या डायरीने पकडल्या. बाबा रोज रात्री पाकिटातली रोख मोजत. सकाळची शिल्लक वजा रात्रीची शिल्लक, म्हणजे दिवसाचा रोख खर्च. तो अ‍ॅपमधल्या त्यांच्या नावच्या बेरजेशी जुळला पाहिजे. दुसऱ्या रात्री जुळला नाही. पाहिलं तर वहिनीने ४५० बाथची फळं भरली होती, पण अ‍ॅपचं ठरलेलं चलन रुपये असल्यामुळे ती ४५० रुपये म्हणून बसली होती. तिसऱ्या रात्री एक टॅक्सी दोनदा आली, कारण इंटरनेट नसताना दादाने भरली आणि मीही भरली, आणि नंतर दोन्ही नोंदी चढल्या. त्यावर नियम केला: ज्याने पैसे दिले त्यानेच नोंद करायची. तिसरी चूक हॉटेलच्या अनामत रकमेची. खोलीमागे हजार बाथ बाबांनी रोख दिले, मी खर्च म्हणून भरले. निघताना ते परत मिळाले, पण नोंद तशीच राहिली. अनामत म्हणजे खर्च नव्हे, ती अ‍ॅपमध्ये भरायचीच नाही. भरलीच तर परत मिळाल्या क्षणी काढून टाकायची. या चुका अ‍ॅपकडे बघून कधीच दिसत नाहीत, कारण अ‍ॅपमध्ये दोन्ही बाजू जुळलेल्याच दिसतात. पाकिटातली रोख मोजली तरच कळतं.

परत आल्यावर, कोलार रोडच्या आमच्या बाल्कनीत, रविवारी सकाळी हिशोबाला बसलो. अ‍ॅपमध्ये सगळं बाथमध्ये नीट होतं. एकूण सामायिक खर्च ४५ हजार बाथ. एका वाट्याला सहा हजार. दादाचे १८ हजार, आमचे १५ हजार, आई-बाबांचे १२ हजार. दिले कुणी किती? दादाने कार्डावर २१ हजार, बाबांनी रोख २० हजार, मी जेमतेम ४ हजार. म्हणजे मी ११ हजार बाथ देणं लागत होतो, त्यातले ८ हजार बाबांना आणि ३ हजार दादाला.

मी "रुपयांत बदला" हे बटण दाबलं. अ‍ॅपने त्या दिवसाचा २.५० चा दर घेतला आणि सांगितलं: बाबांना २० हजार रुपये, दादाला साडेसात हजार. मी खूश झालो. गोल आकडे आले होते. मोबाइलवरून पैसे पाठवणार तेवढ्यात बाबांनी चष्मा लावून विचारलं, "दर कोणता धरलास?"

"अडीच. आजचा."

"पण मी अडीचने कुठे घेतलेत? माझी पावती २.६५ ची आहे." त्यांनी डायरी पुढे केली. "मला कमी-जास्त नको. पण ज्या भावाने आणलं त्या भावाने लिहायचं असतं. गणपतीच्या हिशोबात नारळ बाजारभावाने लिहितो का आपण? ज्या भावाने घेतला त्या भावाने लिहितो."

मला उत्तर सुचलं नाही, म्हणून मी शीट उघडलं. बाथ बाजूला ठेवले आणि प्रत्येकाच्या खिशातून प्रत्यक्ष किती रुपये गेले ते लिहिलं. दादाचे २१ हजार बाथ २.६१ ने, ५४,८१० रुपये. बाबांचे २० हजार बाथ, पावतीप्रमाणे जीएसटी धरून ५३,०९५ रुपये. माझे ४ हजार बाथ २.५१ ने, १०,०४० रुपये. बेरीज १,१७,९४५ रुपये. हा सहलीचा खरा खर्च. त्याला साडेसातने भागलं, एक वाटा १५,७२६ रुपयांचा. आई-बाबांचे दोन वाटे ३१,४५२, दादाचे तीन ४७,१७८, आमचे अडीच ३९,३१५. आता वजाबाकी केली. बाबांना मिळायला हवेत २१,६४३ आणि दादाला ७,६३२. मी द्यायचे २९,२७५.

अ‍ॅपच्या आकड्याप्रमाणे मी २७,५०० देणार होतो. म्हणजे १,७७५ रुपये माझ्याकडे राहत होते. त्यातले १,६४३ बाबांचे. ज्यांनी "कुणावर चढवणार नाही" म्हटलं होतं त्यांच्यावरच चढत होते, आणि फायदा होत होता तो अ‍ॅप लावून देणाऱ्याला. अ‍ॅपने चूक केली नव्हती. त्याला बाबांची पावती माहीत नव्हती, आणि मी ती विचारली नव्हती. रोख आणि कार्ड यांचा खर्च ज्याने उचलला त्याने दराचं नुकसानही एकट्याने उचललं, आणि कमी खर्च करणारा फुकट सुटला, असं हे होतं.

बायकोने एक प्रश्न काढला तो योग्य होता. "उद्या कुणी विमानतळावर अव्वाच्या सव्वा दराने पैसे बदलले तर त्याचा भार सगळ्यांनी का घ्यायचा?" यावर आमचं असं ठरलं: जे पैसे सगळ्यांसाठी, सगळ्यांच्या सांगण्यावरून बदलले त्यांना प्रत्यक्षाचा दर. बाबांना रोख आणायला मीच सांगितलं होतं. स्वतःच्या खरेदीसाठी काढलेले पैसे मात्र ज्याचे त्याचे. म्हणून बायकोचं ते २.७९ चं एटीएम तिच्याच नावावर राहिलं. तिने ते हसत मान्य केलं, थोडं उशिराने.

आणखी एक गोष्ट या हिशोबाने शिकवली, ती थांबण्याची. कार्डावरचा व्यवहार दोन-तीन दिवसांनी पक्का होतो आणि तेव्हाचा दर लागतो. शुल्क आणि जीएसटी त्याच्याही नंतर दिसतात. दादाचं विवरणपत्र येईपर्यंत त्याचा आकडा आम्हाला खरा कळलाच नसता. म्हणून सहलीत असताना सगळं बाथमध्येच ठेवायचं, रुपयांचं बटण दाबायचं नाही, आणि विवरणपत्र आल्यावर एकदाच रुपयांत उतरवायचं. मधल्या काळात कुणाला घाई असेल तर मोठी रक्कम आधी देऊन टाकावी, फरक मागून.

बाबांनी २२ हजार बाथ आणले होते आणि खर्च २० हजार झाले, म्हणजे दोन हजार उरले. ते परत विकायला गेलो तेव्हा एम. पी. नगरात २.३० सांगितले. २.६५ ला घेतलेलं २.३० ला द्यायचं. हेही नुकसान सामायिक धरू, असं मी म्हटलं, पण बाबांनी नोटा परत डायरीत ठेवल्या. "राहू दे. पुढच्या वेळी लागतील," म्हणाले. आईने ते ऐकलं, पण "आमचं काय काम" असं या वेळी म्हटलं नाही.

पुढच्या सहलीचं शीट आता तयार आहे. वस्तूंच्या यादीत "कुणाकडे" आणि "कोणत्या बॅगेत", आणि वर एका ओळीत सगळ्या तिकिटांतलं सगळ्यात कमी वजन. निघण्यापूर्वीच्या कामांत प्रत्येक कार्डापुढे तीन खुणा: परदेश वापर चालू, मर्यादा वाढवली, रोमिंगवर ओटीपी येतो. आणि खर्चाच्या पानावर बाथच्या, किंवा जे काही चलन असेल त्याच्या शेजारी एक रकाना, "प्रत्यक्ष गेलेले रुपये". तो सहलीत रिकामाच राहतो आणि घरी आल्यावर पावत्या बघून भरायचा असतो.

त्या रविवारी मी बाबांना २१,६४३ रुपये पाठवले. मोबाइल वाजला तसा त्यांनी आकडा पाहिला, डायरीत "जमा" म्हणून लिहिला, खाली रेघ मारली आणि चहा मागितला.